बाराव्या प्रकरणाआधीची चिठ्ठी

(दृश्य: कापसाच्या रानांमधून येणारी एसटी. बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचं कॉलेज.)

निवेदन:
बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी मराठी शिकवतो. यंदा लागलेल्या कादंबरीच्या बाराव्या प्रकरणात शेतकरी बाप आत्महत्या करतो. माझ्या वर्गातल्या तीन लेकरांच्या घरात हे घडून गेलंय. म्हणून पुस्तक उघडण्याआधी पालकांना चिठ्ठी लिहिली.

(दृश्य: खाडाखोड केलेला कागद.)

"पालकहो, बापाचं मरण दोन पानांत संपतं. पुढचं सगळं पुस्तक त्याच्या बायकोचं आहे. तलाठी पंचनाम्याला येतो, सातबारा मागतो, कर्जाचा कागद मागतो. कर्ज गावातल्या विनापरवाना सावकाराचं, त्याचा कागद कुठून आणायचा? सरकारी मदतीसाठी कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं लागतं. तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण 'अपात्र' ठरतं आणि एक लाखाची मदत मिळत नाही. नवरा गेला तो गेलाच, वर त्याचं मरणही कागदावर बसलं नाही. हे कळावं म्हणून ही कादंबरी शिकवायची आहे. 'अपात्र' या एका शब्दावर मी दोन तास घेणार आहे. कचेरीत तो शब्द कसा येतो, तिच्या तोंडी आला की त्याचा अर्थ कसा बदलतो, ते लेकरांनी ओळीत बोट ठेवून दाखवायचं.

मरणाची ती दोन पानं वर्गात मोठ्यानं वाचणार नाही. कसं केलं, याची चर्चा होणार नाही. 'तुझ्या घरी काय झालं' असं कुणालाही विचारणार नाही, आणि 'त्या बापाच्या जागी तू असतास तर' असा निबंधही देणार नाही. त्याला भित्रा म्हणायचं नाही आणि 'सुटला बिचारा' असंही म्हणायचं नाही. एकाच कारणानं माणूस मरतो, असं मी शिकवणार नाही.

हे प्रकरण मंगळवारी पहिल्या तासाला घेऊ. शनिवारी घेतलं तर लेकरू मनात काहूर घेऊन घरी जाईल आणि दीड दिवस एकटं राहील. ज्याला बसवणार नाही त्यानं उठून जावं, हजेरी लागेल, चाचणीला दुसऱ्या प्रकरणावरचा प्रश्न मिळेल. लेकरू जेवेनासं झालं, गप्प गप्प राहू लागलं, तर मला रात्रीसुद्धा फोन करा. मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, तिथं मराठीत बोलता येतं."

(दृश्य: ओसरीवर कापूस निवडणारे हात.)

निवेदन:
कितीतरी आयांना वाचता येत नाही, म्हणून हीच चिठ्ठी बोलून मोबाइलवर पाठवली. त्या रात्री एका आईचा फोन आला. म्हणाल्या, "सर, त्या बाईला शेवटी पैसे भेटतेत का?"

मी म्हणालो, "नाही."

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मागं म्हैस हंबरत होती.

"आमचं बी अपात्रच झालं व्हतं," त्या म्हणाल्या. "पोरीला बसू द्या तासाला."