गाडी चौथ्यांदा वर्कशॉपमध्ये? डीलरला पत्र लिहिण्याआधी जॉब कार्ड काढा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "ताई, नवी गाडी चार वेळा दुरुस्त झाली, दोष तोच आहे. बदलून द्या किंवा पैसे परत करा, असं पत्र कसं लिहू?"

पत्राचा साचा सोपा आहे. वर तुमचं नाव, गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, खरेदीची तारीख. पत्र डीलरला, प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला. स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा, पावती सांभाळा. झालं.

पण पत्र ज्यावर उभं राहतं तो कागद म्हणजे गाडी आत देताना वर्कशॉप तुमची तक्रार लिहून घेतं ते जॉब कार्ड, आणि घोळ तिथेच होतो.

माझंच सांगते. माझी गाडी सिग्नलला उभी असताना बंद पडायची. चार महिन्यांत चार वेळा वर्कशॉपला नेली. दर वेळी काउंटरवर मी तेच सांगितलं. घरी येऊन चारही कार्डं टेबलावर मांडली, तर पहिल्यावर "इंजिन उभ्यावर बंद पडते", दुसऱ्यावर "पिकअप कमी", तिसऱ्यावर "जनरल चेकअप", चौथ्यावर "रोड टेस्ट ओके". खाली चारही ठिकाणी माझीच सही! पत्राला उत्तर आलं की तोच दोष पुन्हा आल्याची नोंद नाही. कागदावर बघितलं तर त्यांचं म्हणणं खरं होतं. त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

म्हणून गाडी आत देताना तक्रार तुमच्या शब्दांत, आणि दर वेळी त्याच शब्दांत लिहून घ्या. ॲडव्हायझर म्हणेल, "मॅडम, सिस्टीममध्ये एवढं बसत नाही." मग छापील कार्डावर पेनाने लिहा आणि त्याचा फोटो काढा.

गाडी बाहेर काढतानाही हेच. समाधानाच्या रकान्यात डोळे मिटून सही करू नका. एक फेरी मारा. दोष दिसला तर सहीच्या वर लिहा: "दोष कायम, तक्रार कायम ठेवून गाडी घेतली."

आणि वॉरंटीतलं बिल शून्य रुपयांचं असतं म्हणून कुणी मागत नाही. मागा! कोणता पार्ट बदलला, ते त्यावरच असतं. एका दादांनी कमेंटमध्ये लिहिलंय, "व्हॉट्सॲपवर सगळं बोलणं आहे, पुरेल ना?" जोडा दादा, जरूर जोडा. पण किलोमीटर, तारीख आणि बदललेला पार्ट त्यात एकत्र सापडत नाही. कार्ड आणि बिल समोर ठेवलं की सापडतं.

कार्डं आधीच चुकीची असतील तर? मी डीलरला ईमेल केला: "या चारही तारखांना माझी तक्रार इंजिन उभ्यावर बंद पडण्याचीच होती. नोंद दुरुस्त करावी." सोबत बंद पडलेल्या गाडीचे व्हिडिओ जोडले, मीटर आणि तारीख दिसतील असे.

आता पत्राचा गाभा. तारखा आणि किलोमीटर तुमचे घाला:

"इंजिन उभ्यावर बंद पडण्याच्या एकाच दोषासाठी गाडी चार वेळा आपल्याकडे दिली. प्रत्येक वेळची तारीख, किलोमीटर, बदललेला पार्ट आणि गाडी किती दिवस आपल्याकडे होती, हे सोबतच्या तक्त्यात आहे. दोष आजही कायम आहे. हा निर्मितीतील दोष असल्याचे माझे म्हणणे आहे. गाडी बदलून द्यावी, अन्यथा बिलाची रक्कम, नोंदणी आणि विम्याच्या खर्चासह परत करावी. १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन."

"निर्मितीतील दोष" हे शब्द का? २००६ साली क्लचच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटी बघून सांगितलं की, बंधन दोषी पार्ट दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं आहे, अख्खी गाडी बदलण्याचं नाही. म्हणजे चार फेऱ्या झाल्या एवढ्यावर नवी गाडी मिळेलच असं नाही. ठरावीक फेऱ्यांनंतरही दोष राहिला तर गाडी बदलायला किंवा पैसे परत करायला लावणारा अमेरिकेसारखा "लेमन लॉ" आपल्याकडे नाही. दोष मुळातला आहे, हे दाखवावं लागतं. त्यासाठी आयोग तज्ज्ञाकडून तपासणी करून घेऊ शकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोष काढणं, माल बदलणं, किंमत परत करणं आणि भरपाई, हे सगळे आदेश देण्याची सोय आहे.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही, त्यामुळे "बघतो मॅडम" ऐकत वर्ष घालवू नका. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगातही करता येते, शोरूमच्या गावी जायला नको. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तुमच्याकडची कार्डं आज काढा, तारखेप्रमाणे लावा आणि तक्रारीची ओळ वाचा. प्रत्येक कार्डावर काय लिहिलंय ते कमेंटमध्ये टाका, पण गाडीचा नंबर झाकून.