चपटे केस, फुगीर केस आणि मधलं हेल्मेट

(कोल्हापुरातल्या छायाचित्रकारांच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या नावाखाली छापलंय, ‘फोटोशॉपमध्ये चपट्या केसांना घेर देण्याच्या तीन पायऱ्या’. वेळ चाळीस मिनिटांची दिली होती, त्यातली बरीच नारळ, शाल आणि प्रास्ताविक यांनी खाल्ली. तक्रार नाही, शाल चांगली आहे. पायऱ्या मी सांगणारच आहे. पण त्याआधी माझं एक दुखणं ऐकून घ्या. गेली काही वर्षं मी ते घरात सांगतोय आणि घरचे आता उठून जातात. तुम्ही तिकीट काढलंय, तुम्हाला बसावं लागेल.

माझं म्हणणं एवढंच आहे: केस भरगच्च दिसतात ते बाहेरची रेघ मोठी केल्यानं नाही, आत अंधार असल्यानं. फेट्याचंच बघा. तेवढंच कापड एकानं बांधलं तर डोक्यावर भांडं पालथं घातल्यासारखं दिसतं, आणि जाणकार हात लागला की घेर येतो, कारण घड्यांमध्ये सावली पडते. आपले ऑपरेटर काय करतात? बाहेरची रेघ धरतात, सगळीकडून सारखी ओढतात, आणि वर म्हणतात, “सर, व्हॉल्यूम दिला.” व्हॉल्यूम नाही दिला बाबा, टोपी घातलीस.

आता गोष्ट सांगतो, खरी घडलेली. एका मुलीचे स्थळासाठी फोटो काढायचे होते. पावसाळ्याचे दिवस, ती कागलहून मोपेडवर आली, हेल्मेट घालून. (हसू नका, काही लोक घालतात. कोल्हापुरात हेल्मेटचा विषय काढला की सभा उधळते, म्हणून पुढं सरकतो.) दमट हवा, डोक्याला तेल आणि तासभर हेल्मेट. केस टाळूला चिकटून बसलेले, मधोमध भांग, भांगात कातडी चमकतेय. स्टुडिओवाल्यानं तसाच फोटो काढला आणि केस ‘फुगवून आणा’ म्हणून बाहेर एका लॅबला पाठवला. फोटो परत आला. मुलीच्या आत्यांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, “अहो, हिनं ते हेल्मेट काढलंच नाही वाटतं.”

मग तो फोटो माझ्याकडं आला. फाइल उघडी होती, लेयर शाबूत होते, म्हणून काय केलंय ते दिसत होतं. चोवीस मेगापिक्सेलचा उभा फोटो. हनुवटीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत साधारण 1800 पिक्सेल. खऱ्या डोक्याच्या मापानं हिशेब केला तर एका सेंटीमीटरला 80 पिक्सेलच्या आसपास. त्या गड्यानं कानापासून कानापर्यंत केसांची रेघ जवळजवळ 200 पिक्सेल बाहेर काढली होती, म्हणजे चौफेर अडीच सेंटीमीटर. सगळीकडं सारखीच! खरे केस असं कधी वागत नाहीत. ते माथ्याच्या जरा मागं उचलले जातात, भांगापाशी दबतात, कानशिलाला चिकटतात, आणि मानेकडं येताना एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असतात. सारखं अंतर आलं की डोळा लगेच ओळखतो की ही वस्तू बाहेरनं घातलेली आहे.

त्यातही तीन खुणा होत्या, आणि त्या तुम्हाला कुठल्याही हेल्मेटी फोटोत सापडतील. पहिली, कडेला एकही सुटा केस नाही. ओढताना कडेचे बारीक केस एकतर फासले गेले किंवा मास्कमध्ये कापले गेले. दुसरी, केसांवरच्या प्रकाशाचा पट्टा. तो मूळ फोटोत बारीक होता, ओढल्यावर दोन बोटं रुंद झाला आणि कमानीसारखा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत गेला. रंगवलेल्या पत्र्यावर जशी चमक पडते, तशी. तिसरी खूण शंभर टक्क्यांवर झूम केल्यावर कळते. प्रत्येक केस जाड झालेला असतो. कपाळाच्या केसरेषेपासून माथ्यापर्यंत समोरून दिसणारा केसांचा पट्टा साडेतीनशे पिक्सेलचा, त्याला दोनशेनं ताणलं तर केस दीडपट जाड होणारच. माणसाच्या डोक्यावर घोड्याची आयाळ.

इथं जरा आडवळण घेतो, कारण समोर जुनी मंडळी बसलीत. काचेच्या निगेटिव्हच्या काळात हेच काम आपल्या पेशातली माणसं पेन्सिल आणि पात्यानं करायची. निगेटिव्हमध्ये काळे केस जवळजवळ पारदर्शक असतात. त्या जागी टोकदार पेन्सिलीनं रेघ मारली की छापात ती उजळ येते, म्हणजे केसाची चमक. आणि उजळ पार्श्वभूमी निगेटिव्हवर दाट असते. तिथं पात्यानं अलगद खरवडलं की छापात काळी रेघ येते, म्हणजे सुटा केस. त्यांच्याकडं ओढायचं हत्यारच नव्हतं, म्हणून त्यांच्याकडून हेल्मेट झालं नाही! ते एकेक केस काढत होते. आपल्याला ओढायला मिळालं आणि आपण ओढत सुटलो.

(मागनं चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटं’. अहो, पायऱ्या तर आता सुरू होतायत. बरं, भरभर घेतो.)

त्याच मुलीच्या मूळ फोटोवर काय केलं ते सांगतो. माथा किती उचलायचा हे आधी ठरवलं: 80 पिक्सेल, म्हणजे एक सेंटीमीटर. त्याहून जास्त लागत नाही. आणि त्यातले निम्मेच ओढून घ्यायचे, उरलेले नवे केस आणून भरायचे. हा सगळ्या भाषणातला मुद्दा आहे. वार्प जे आहे तेच ताणतं आणि जाड करतं. क्लोन खऱ्या जाडीची नवी बट आणतं. दोघांनी काम वाटून घेतलं तर कुणाचीच चोरी पकडली जात नाही.

आधी वार्प. लॅसोनं केसांचा वरचा भाग सैल घेरला, आजूबाजूची थोडी पार्श्वभूमीही आत घेतली, तीसेक पिक्सेलचा फेदर दिला आणि Ctrl+J. त्या लेयरचं स्मार्ट ऑब्जेक्ट केलं, मग Ctrl+T आणि राइट क्लिक करून वार्प. फक्त वरची मधली जागा उचलली, तीही भांगाच्या एका बाजूला 45 आणि दुसऱ्या बाजूला 30. खालची कड हलू द्यायची नाही. कपाळाची केसरेषा सरकली की माणसाचा चेहराच बदलतो आणि घरचे म्हणतात, ‘ही आमची नाही.’ म्हणून मास्क लावून मऊ ब्रशनं खालचा भाग मूळ फोटोत विरवला. स्टुडिओचा साधा पडदा असेल तर पार्श्वभूमी सोबत सरकलेली कळत नाही. मागं भिंतीच्या विटा किंवा खिडकी असेल तर मात्र विटा वाकतात, तिथं फक्त केस कापून घ्या.

बाजूंना लिक्विफाय वापरलं. चेहरा, कान आणि कानातलं Freeze Mask नं झाकलं, ब्रश भला मोठा ठेवला, पाचशे पिक्सेलच्या वर, आणि दाब वीस-पंचवीस. लहान ब्रशनं ढकललं तर कड खळग्याखळग्यांची होते. डावीकडं कानाच्या वरच्या भागात थोडं बाहेर काढलं, उजवीकडं त्याच्या निम्मंच. मूळ फोटोत पदर डाव्या खांद्यावर होता, त्या बाजूला वजन शोभून दिसतं. कानशिलापाशी काहीच केलं नाही. तिथं रुंदी वाढली की झालंच हेल्मेट.

मग क्लोन स्टॅम्प, वेगळ्या कोऱ्या लेयरवर, Sample: Current & Below ठेवून. इथं तीन गोष्टी सांभाळा. बट जिथं उगवते तिथनं तिचा प्रवास ज्या दिशेनं होतो, त्याच दिशेनं ब्रश ओढायचा, थापायचा नाही. दुसऱ्या कोनातली बट हवी असेल तर क्लोन सोर्सच्या पॅनेलमध्ये ती दहा-पंधरा अंश फिरवा. पण आडवी उलटवू नका, प्रकाश डावीकडून असेल तर उलटलेल्या बटेवर तो उजवीकडून येतो. आणि काळे केस उजळ पडद्यावर नेताना त्या क्लोनच्या लेयरचा मोड Darken करा, ब्रशचा नाही, कोऱ्या लेयरवर ब्रशचा मोड चालत नाही. मग सोबत आलेली पडद्याची फिकट किनार उमटत नाही, फक्त केस उमटतात. गडद पडदा असेल तर उलट, Lighten, म्हणजे चमकणारे केस तेवढे जातात.

त्या चमकीच्या पट्ट्याचं काय? तो तोडायचा. मुळाशी असलेली एखादी काळी बट उचलून पट्ट्यावर दोन-तीन ठिकाणी तिरकी आणून ठेवली, सारख्या अंतरावर नाही. भांगाच्या दोन्ही अंगांना मुळाशी हलका बर्न मारला आणि त्याच्या वर लगेच थोडा डॉज. मघाशी म्हटलेला अंधार तो हाच. हे केल्यावर लक्षात आलं की बाहेर एवढंही ओढायची गरज नव्हती, म्हणून वार्प परत उघडून 45 चे 35 केले. भांग अरुंद केला, पण बुजवला नाही. बुजवलेला भांग म्हणजे विग.

(हो, दिसतंय घड्याळ.)

शेवटची पायरी सुट्या केसांची. दोन पिक्सेलचा ब्रश, पेन टॅबलेट असेल तर दाबावर जाडी बदलणारा, रंग जवळच्याच केसातून उचललेला. सात-आठ केस, जास्त नाही, वेगवेगळ्या लांबीचे. ते कडेला काटकोनात उभे राहू नयेत, आतल्या बटेतून निघून कड तिरकी ओलांडून जावेत. मग तपासणी: वर एक लेयर घेऊन केसांचा आकार काळ्या रंगानं भरा आणि फोटो लहान करून बघा. नुसती काळी आकृती बघून कुठं सारखी कमान दिसली तर तिथं परत जा. दुसरी तपासणी नॉइजची. वार्प केलेल्या भागातला दाणा मऊ पडतो आणि क्लोन केलेल्या भागातला तसाच राहतो, म्हणून वार्पच्या भागावर चिमूटभर नॉइज टाकावा लागतो, नाहीतर छापल्यावर माथा मेणाचा दिसतो.

आणि कुठं हात लावायचा नाही तेही सांगतो. केस घट्ट ओढून वेणी घातलेली असेल आणि ती बारीक वेणी खांद्यावरनं पुढं आलेली दिसत असेल, तर माथा फुगवू नका. वर भारा आणि खाली शेपटी, कुणालाही कळतं. तिथं कंगवा द्या, माथ्याचे केस मुळाशी उलटे विंचरायला सांगा आणि परत फोटो काढा, दहा मिनिटांचं काम.

एकच राहिलं, कारण हे सगळ्यांना भोवतं. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतं, “छान आहे, पण थोडं कमी करा.” तेव्हा वार्पच्या लेयरची ओपॅसिटी खाली आणू नका. ताणलेले केस अर्धे पारदर्शक होतात, खालून मूळची कड डोकावते आणि डोक्याला दोन कडा दिसतात. स्मार्ट ऑब्जेक्टचा वार्प पुन्हा उघडा, जाळी खाली घ्या, आणि वरचा क्लोनचा लेयर तेवढाच खाली सरकवा. म्हणून ती फाइल पैसे मिळेपर्यंत जपून ठेवा, आणि आमच्याकडं पैसे कधी मिळतात ते तुम्हाला माहीत आहेच. बाकीचं चहाला बोलू, संयोजक आता माझी शालही परत घेतील.