शेअर बाजाराआधीचा अडीअडचणीचा पैसा : आकडा कसा काढायचा?

पहिला पगार सुरू झाला की एसआयपी कितीची करू, असं मुलं विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, उद्या काम सुटलं तर किती महिने निघतील? सहा पगार बाजूला ठेवा, हे उत्तर सगळीकडे मिळतं. पण हा आकडा पगारावरून काढूच नये. काम गेल्यावरही जो खर्च थांबत नाही, त्यावरून तो काढायचा.

हिशोबासाठी एक मुलगा धरू. गाव परभणी जिल्ह्यात, काम वाळूजच्या कारखान्यात, कंत्राटी. हातात २४,००० येतात. खोलीभाड्याचा वाटा ३,०००, मेस ३,०००, पेट्रोल १,५००, गाडीचा हप्ता ३,२००, मोबाइल ३००, आरोग्य विम्यासाठी महिन्याला ६०० आणि गावी आईवडिलांना ५,०००. हे झाले १६,६००. कपडे, हॉटेल, लग्नकार्यातला आहेर यात ३,४०० जातात आणि ४,००० उरतात. काम सुटलं तर कपडे-हॉटेल थांबेल, पेट्रोल थोडं कमी लागेल. तरी १६,००० लागणारच.

आता महिने किती? तुमच्याच लाइनवरून ज्यांचं काम सुटलं त्यांना विचारा, दुसरं मिळायला किती दिवस लागले? समजा, तीन महिने. त्यात एक महिना आणखी धरा, कारण नवीन ठिकाणी रुजू झालात तरी पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सातेक तारखेला हातात येतो. हा महिना लोक हमखास विसरतात आणि नेमकी तिथंच उसनवारी सुरू होते. म्हणजे चार महिने, ६४,०००. कायम नोकरी असेल आणि नोटीस पिरियड मिळत असेल तर तीन महिने पुरतील. घरात तुम्ही एकटेच कमावते असाल तर सहा धरा.

पण आपल्याकडे हिशोब इथं संपत नाही. घरची कोरडवाहू जमीन असते. मृगात पेरलं, पावसानं ताण दिला, तर दुबार पेरणी. त्या वेळी फोन कुणाला येतो? पगार असलेल्या पोरालाच. ही रक्कम वडिलांशी बसून आधीच ठरवा. या मुलाच्या घरी तीन एकर सोयाबीन आहे, बियाणं-खतापोटी १५,००० धरू. एकूण झाले ७९,०००.

महिन्याला ४,००० प्रमाणे याला वीस महिने लागतात. ऐकूनच पोरं हिरमुसतात. पण गाडीचे सातच हप्ते राहिलेत. ते फिटले की न थांबणारा खर्च १२,८०० वर येतो आणि निधी ६६,२०० पुरतो. सात महिन्यांत २८,००० साठलेले असतात आणि पुढे महिन्याला ७,२०० उरतात. म्हणजे आणखी सहा महिने, एकूण तेरा. म्हणून मी सांगतो, निधी पूर्ण होईपर्यंत नवा हप्ता घेऊ नका. प्रत्येक नव्या हप्त्यानं लागणारा निधी वाढतो आणि साठवायची ताकद कमी होते.

तोवर पाचशेची एसआयपी तरी करू का? माझं मत, नको. २०२० आठवा. जानेवारीत निफ्टी १२,३०० च्या वर होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. त्याच आठवड्यात देशभर कारखाने बंद झाले. पगार थांबला आणि बाजार पडला, दोन्ही एकदमच. ज्यांच्याकडे दुसरा पैसा नव्हता त्यांना पडत्या भावात विकावं लागलं. थांबू शकले त्यांचा भाव त्याच वर्षअखेर परत आला.

पैसा ठेवायचा कुठं? एका महिन्याचा खर्च पगाराच्या खात्यापासून वेगळ्या बचत खात्यात ठेवा आणि ते खातं यूपीआयला जोडू नका. बाकीच्याच्या दहा-पंधरा हजारांच्या छोट्या एफडी करा. गरज पडली तर एकच मोडता येते, दंडाचं व्याज तेवढ्यावरच जातं. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी पतसंस्थेत किंवा मल्टिस्टेट सोसायटीत हा पैसा टाकू नका. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. मराठवाड्यात अशा संस्थांत अडकलेल्या ठेवींसाठी लोक वर्षानुवर्षं चकरा मारतायत. भिशीही यासाठी चालत नाही, कारण तुमची पाळी तुमच्या अडचणीची वाट बघत नाही.

दवाखान्याचा मोठा खर्च मी या निधीत धरलेला नाही. तो विम्यानं भागवायचा. पगार २१,००० च्या पुढं गेला की ईएसआयचं छत्र नियमाप्रमाणे निघतं आणि अनेकांना ते दवाखान्यात गेल्यावरच कळतं. पगारवाढीचं पत्र हातात पडलं की कारखान्याकडून विमा आहे का, हे त्याच दिवशी एचआरला विचारा. नसेल तर त्याचा हप्ता न थांबणाऱ्या खर्चात घाला आणि आकडा पुन्हा मांडा.