प्रोफाइलमध्ये क्लायंट कशाला?

(सांगलीत नुकतीच पदव्युत्तर पदवी घेतलेल्या समुपदेशकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आयोजकांनी दिलेला विषय साधा आहे: समुपदेशकाने स्वतःची ओळख कशी लिहावी. म्हणजे वेबसाइटवर किंवा माहितीपत्रकात आपल्या फोटोशेजारी जो अर्ध्या पानाचा मजकूर असतो, तो. तुम्ही तुमचे मसुदे मला आधी पाठवले होतेत, आणि त्यातल्या बहुतेकांत एक परिच्छेद होताच. क्लायंटची गोष्ट. मी आज जवळजवळ सगळा वेळ त्या एका परिच्छेदावर घालवणार आहे.

तुमच्यापैकी कुणाचा मसुदा मी इथे वाचून दाखवला, तर ज्याबद्दल बोलायला आले आहे तीच चूक मी करीन. म्हणून नमुना मी स्वतः रचलाय. ऐका. ‘जवळच्या तालुक्यातील एक ३४ वर्षांची शिक्षिका (नाव बदलले आहे) पतीच्या अपघाती निधनानंतर पॅनिक अटॅकने त्रस्त होती. शाळेत जाणेही बंद झाले होते. आठ सेशनमध्ये ती पूर्ण बरी झाली आणि आज आनंदाने शिकवते आहे.’

नाव बदललंय, हे खरं. आता त्या तालुक्याच्या नजरेने वाचा. शिक्षिका, वय पस्तिशीच्या आत, नवरा अपघातात गेला, मध्यंतरी शाळेत येत नव्हती. अशा बायका किती असतील? स्टाफरूममधल्या कुणालाही दोन मिनिटं पुरतील. मोठ्या शहरात निदान गर्दीचा आडोसा तरी मिळतो. आपल्याकडे तोही नाही, कारण आपल्याकडे माणूस ओळखला जातो तो कुणाचा कोण यावरून. नावाचा नंबर नंतर लागतो.

नावाच्या बाबतीतली जुनी गोष्ट तुम्हाला माहीत असेल. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये ‘आना ओ.’ या नावाने एका तरुणीची केस छापली. टोपणनाव कसं तयार केलं, तर तिच्या खऱ्या नावाच्या आद्याक्षरांआधीची अक्षरं घेतली. बी.चं ए. झालं आणि पी.चं ओ. ही बाई म्हणजे बर्था पापेनहाइम. पुढे तिने १९०४ मध्ये जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली आणि स्वतःच्या कामावर नाव मिळवलं. १९३६ मध्ये ती वारली. १९५३ मध्ये फ्रॉइडच्या चरित्रात अर्नेस्ट जोन्सने तिचं खरं नाव छापून टाकलं, आणि आज मानसशास्त्राचा विद्यार्थी तिला ओळखतो तो आधी पेशंट म्हणून. ‘हे बाहेर आलं तर चालेल का?’ हे तिला विचारायची सोयच उरली नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग वय बदलू, शिक्षिकेऐवजी बँकेतली नोकरी देऊ. ठीक आहे, पण जितके तपशील बदलाल तितकी ती गोष्ट खोटी होत जाईल. आणि खोटी गोष्ट आपल्या कौशल्याचा पुरावा म्हणून लावायची, याला जाहिरातबाजी म्हणतात. शिवाय जगाने ओळखलं नाही तरी एक व्यक्ती ओळखतेच. ती स्वतः.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. सुरुवातीच्या काळात मीही एक पत्रक छापलं होतं. त्यात चार ओळींची एक गोष्ट होती, सगळे तपशील बदललेले. फक्त एक वाक्य मी जसंच्या तसं ठेवलं होतं, कारण ते फार छान होतं. त्या बाई पुढच्या भेटीला आल्या, पत्रक टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हे माझं वाक्य आहे.’ रागावल्या नाहीत. तासभर बसल्या, हवापाण्याचं बोलल्या. त्यानंतर आल्या नाहीत. ते वाक्य काय होतं, हे मी आज सांगणार नाही.

‘पण मॅडम, परवानगी घेतली तर?’ हे तुम्ही विचारणारच. आपल्यासमोर बसलेला माणूस आपल्याला नाही म्हणू शकतो का, ते आधी बघा. ज्याला रात्री झोप यायला लागली आहे, ज्याला अजून चार भेटी यायचंय, तो ‘हो मॅडम, लिहा की’ म्हणणारच. आपल्याकडे उपकाराची परतफेड ही मोठी गोष्ट असते. ती संमती खरी किती आणि भिडेची किती, हे त्यालाही सांगता येणार नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत याच कारणाने म्हटलंय की चालू क्लायंटकडून शिफारसपत्रं मागू नयेत. आणि माणूस बदलतो. आज हो म्हणालेल्या मुलीचं दोन वर्षांनी लग्न ठरतं, तेव्हा तिला ते पान कुठेच नको असतं. आणि एव्हाना त्याचे स्क्रीनशॉट कुठे कुठे पोचलेले असतात.

मग आपलं काम दाखवायचं कसं? मी जे करते ते असं. गोष्टीतून क्लायंट काढून टाकते आणि त्या जागी माझ्या खोलीत काय घडतं ते लिहिते. मघाचाच पॅनिकचा परिच्छेद असा लिहून बघू.

‘अचानक छातीत धडधड, श्वास अपुरा पडणं, आता आपलं काही खरं नाही असं वाटणं, अशा झटक्यांवर मी काम करते. डॉक्टरांकडून तपासणी झाली आहे का, थायरॉइड किंवा हृदयाचा काही त्रास नाही ना, हे मी आधी विचारते. मग शेवटच्या झटक्यात काय काय झालं ते आपण कागदावर मांडतो: आधी शरीरात काय जाणवलं, त्याचा तुम्ही काय अर्थ लावलात आणि मग काय केलंत. पुढच्या भेटींत तीच धडधड आपण खोलीत मुद्दाम आणून पाहतो, उदाहरणार्थ मिनिटभर जागच्या जागी पळून. हे त्रासदायक असतं. तुमची तयारी असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तरच करतो. काहींना थोड्या भेटी पुरतात, काहींना जास्त लागतात. काहींना औषधांचीही गरज असते. औषधं मी देत नाही, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते.’

यात क्लायंट कुठेच नाही. पण ज्याला पॅनिक झालाय तो हे वाचून म्हणतो, हिला माझं कळलेलं दिसतंय. आणि तुमच्यातला जाणकार लगेच ओळखेल की यामागे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेली समजूत आहे: झटका वाढतो तो धडधडीमुळे नव्हे, ‘धडधड म्हणजे हार्ट अटॅक’ या अर्थामुळे. सिद्धान्ताचं नाव न घेताही पद्धत दिसते. ‘मी सी.बी.टी., आर.ई.बी.टी., एन.एल.पी., माइंडफुलनेस आणि इनर चाइल्ड थेरपी वापरते’ या ओळीतून काय दिसतं? काही नाही. हॉटेलचं मेनूकार्ड.

‘पूर्ण बरी झाली’ आणि ‘आठ सेशनमध्ये’ हेही दोन्ही गेले, पाहिलंत ना. आठ वाचून आलेला माणूस नवव्या भेटीला स्वतःला नापास समजतो.

पदव्यांचं थोडक्यात. जी आहे तीच लिहा, जिथून घेतली ते लिहा. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे नाव भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असेल तरच लावायचं, आणि मग नोंदणी क्रमांकही द्यायचा. नोंदणीशिवाय नुसत्या एम.ए.वर ते चालत नाही, एम.ए. क्लिनिकलमधलं असलं तरी. पीएच.डी. चालू असताना ‘डॉ.’ लावणारे मी पाहिलेत. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र हे प्रशिक्षण असतं, विशेषज्ञता नसते. आपल्या कामावर अनुभवी समुपदेशकाकडून सुपरव्हिजन घेत असाल तर मात्र ते जरूर लिहा. नवख्या माणसाच्या प्रोफाइलमध्ये मला सगळ्यात विश्वासाची वाटते ती ही ओळ.

आता एक वाक्य, जे तुमच्या जवळजवळ सगळ्या मसुद्यांत होतं: ‘१०० टक्के गोपनीयतेची हमी.’ काढा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधलं २३ वं कलम गोपनीयतेचा हक्क देतं, आणि त्याच कलमात अपवादही आहेत: कुणाच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता असेल, न्यायालयाचा आदेश असेल. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाने पोलिसांना कळवावंच लागतं. सोळा वर्षांची मुलगी तुमचं ‘१०० टक्के’ वाचून तुमच्याकडे येईल, सगळं सांगेल, आणि मग तुम्ही तिला म्हणाल की आता हे मला कळवावं लागेल. तिच्या दृष्टीने तुम्ही तिला फसवलंत. त्यापेक्षा हे अपवाद साध्या भाषेत दोन-तीन ओळींत आधीच लिहा. लोक पळून जात नाहीत. उलट पहिल्या भेटीत त्यावर बोलणं सोपं जातं. तिथेच खाली लिहा की तुम्ही तातडीची सेवा देत नाही, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. रात्री दोन वाजता तुमचं प्रोफाइल उघडणारा माणूस असतो.

मजकूर सांभाळला तरी दोन फटी उरतात. एक म्हणजे फोटो. एका तरुण सहकाऱ्याने खोलीचा सुंदर फोटो लावला होता, खिडकी, कुंडी, टेबल. टेबलावर अपॉइंटमेंटची वही उघडी. मी फोनवर दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि मंगळवारची पाच नावं वाचली.

दुसरी फट रिव्ह्यूंची. कुणी कौतुक लिहिलं की हात शिवशिवतात: ‘धन्यवाद, तुमच्यासोबत काम करून छान वाटलं.’ झालं, ती व्यक्ती तुमची क्लायंट असल्याचं तुम्ही जाहीर केलंत. तिने स्वतःबद्दल सांगणं हा तिचा हक्क. दुजोरा देणं हा तुमचा नाही. वाईट रिव्ह्यूला तर उत्तर द्यायची फारच खुमखुमी येते. ‘तुम्ही तीन भेटी चुकवल्यात’ हे खरं असलं तरी ते केसपेपरमधलं आहे. अगदीच लिहायचं तर एवढंच: ‘गोपनीयतेमुळे कोणत्याही अभिप्रायावर, तो कुणाचाही असो, इथे उत्तर देत नाही. तक्रार असल्यास थेट संपर्क साधावा.’ हेच उत्तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही.

(प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थिनीने विचारलं: ‘मॅडम, तुम्ही आत्ता पत्रकाची गोष्ट सांगितलीत. ती चालते का?’)

बरं झालं विचारलंस. मी वर्ष सांगितलं नाही, त्रास काय होता ते सांगितलं नाही, वाक्य सांगितलं नाही. प्रोफाइलमध्ये मी ती कधीच घालणार नाही, कारण तिथे त्या गोष्टीने माझ्यासाठी गिऱ्हाईक आणलं असतं. इथे मी माझी चूक सांगतेय, तुम्ही शिकणारी मंडळी आहात, म्हणून सांगितली. तरी त्या बाईंनी हे ऐकलं तर त्या स्वतःला ओळखतील, आणि मी त्यांना विचारलेलं नाही. हे व्याख्यान छापणार आहेत असं कळलंय. तो भाग त्यात ठेवायचा की काढायचा, ते मी माझ्या सुपरव्हायझरशी बोलून ठरवीन.