बँकेला लिहायचं एक पत्र

नमस्कार श्रोतेहो. फोंड्याच्या बाजारात माझ्या शेजाऱ्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. मी बँकेतून निवृत्त झालो तरी कागद दाखवायला ते माझ्याकडेच येतात. गेल्या महिन्यात गृहकर्जाचा व्याजदर कमी करावा म्हणून लिहिलेला अर्ज घेऊन आले. "आम्ही आपले जुने, प्रामाणिक ग्राहक आहोत, एकही हप्ता चुकवलेला नाही, तरी कृपा करून सहानुभूतीने विचार व्हावा." मी म्हटलं, भाऊ, हे वाचून साहेब तुम्हाला चहा देईल, व्याज सोडणार नाही.

आधी त्यांचं मंजुरीपत्र काढायला लावलं. कर्ज २०२० च्या सुरुवातीचं, २८ लाखांचं, वीस वर्षांचं. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या मानकाला, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्या रेपो दरालाच, बांधलेली असतात. म्हणजे दराचे दोन तुकडे: रेपो आणि त्यावर बँकेने चढवलेला स्प्रेड. शेजाऱ्यांचा स्प्रेड ३.२५. रेपो २०२५ च्या डिसेंबरात ५.२५ वर आला, म्हणून त्यांचा दर साडेआठ झाला. ते म्हणाले, "बँकेने वर्षभरात सव्वा टक्का उतरवलाच की." तो रेपो उतरला हो, बँकेच्या खिशातून काही गेलं नाही. मागायचं असतं ते स्प्रेडमधलं.

आणि स्प्रेडच्या पोटात एक रिस्क प्रीमियम असतो, कर्जदार पैसे बुडवील या भीतीचा भाव. कर्ज घेतलं तेव्हा यांना पगारपत्रक नव्हतं, आधीचं एकही कर्ज नव्हतं, सिबिल स्कोअर बेताचा. म्हणून तो जास्त लागला. रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की कर्जदाराची पत लक्षणीय बदलली तरच हा भाग बदलता येतो. स्वच्छ परतफेडीचं वजन पडतं ते इथेच. स्प्रेडचे बाकीचे भाग पूर्वी तीन वर्षांतून एकदाच हलवता यायचे. १ ऑक्टोबर २०२५ पासून जुना ग्राहक टिकवायला बँक ते त्याआधीही कमी करू शकते. करू शकते, करायलाच हवेत असं नाही.

पत्राआधी सिबिलचा अहवाल काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात गृहकर्जाच्या प्रत्येक महिन्याखाली शून्य-शून्य-शून्य, म्हणजे एक दिवसही उशीर नाही. पण एका बंद केलेल्या क्रेडिट कार्डावर साडेतीनशे रुपये थकीत दिसत होते! ते भरून, नोंद दुरुस्त होईपर्यंत पत्र थांबवलं. नाहीतर आपण स्वच्छ म्हणायचं आणि साहेबाच्या पडद्यावर डाग दिसायचा.

मग लिहिलं ते असं:

"खाते क्रमांक अमुक. ७२ पैकी ७२ हप्ते तारखेला भरले, एकदाही परत गेला नाही; खातेउतारा जोडला आहे. मंजुरीच्या वेळचा आणि आजचा सिबिल स्कोअर, तसेच तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे सोबत आहेत. माझी पत लक्षणीय सुधारल्यामुळे रिस्क प्रीमियमचा फेरविचार करून स्प्रेड ३.२५ वरून २.५० करावा. नव्या ग्राहकाला आपण आज ७.७५ टक्क्यांनी कर्ज देता. दर कमी झाल्यावर हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. नकार असल्यास कारण लेखी कळवावे."

खाली नवरा-बायको दोघांच्या सह्या, कारण कर्जात दोघंही आहेत. शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली.

मुदतीचं ते वाक्य मुद्दाम घातलं. बाकी सुमारे २४ लाख, हप्ते १६८, हप्ता २४,४७८ रुपयांचा. ७.७५ झाले तर हप्ता महिना हजारभर रुपयांनी उतरतो, तो चवथीच्या माटोळीत कुठे जिरेल कळणारही नाही. हप्ता तोच ठेवला तर कर्ज वर्षभर आधी फिटतं.

बँकेने नाही म्हटलं असतं तर? दर किती लावायचा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यावर लोकपालाकडे दाद लागत नाही. कर्ज दुसऱ्या बँकेत नेता येतं. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. पण तिथे प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन, वकिलाचा शोध अहवाल, एक-चौदाचा ताजा उतारा, सगळं पुन्हा. तो खर्च आधी मांडून बघायचा, मगच धमकी द्यायची.

तीन आठवड्यांनी शाखेतून फोन आला. ७.७५ नाही, आठ टक्के. रूपांतर शुल्क तीन हजार आणि त्यावर जीएसटी. शेजारी जरा खट्टू झाले. मी कागदावर मांडून दाखवलं: १६८ चे १६० हप्ते झाले, म्हणजे जवळजवळ दोन लाख रुपये. दुसऱ्या दिवशी दुकान अर्धा तास उशिरा उघडून दोघंही सही करायला गेले.