बँकेचं व्याज १०.५ टक्के, मग कारखान्याचा डिस्काउंट रेट किती?

नमस्कार मंडळी. आज जळगाव एमआयडीसीतल्या एका प्लास्टिकच्या चटईच्या कारखान्याचा हिशेब घेऊन बसलोय. मालकांना आपण आप्पा म्हणू. त्यांना नवा एक्स्ट्रूडर आणि लूम घ्यायचे आहेत. खर्च ४ कोटी, त्यातले ३ कोटी बँक देणार आणि १ कोटी आप्पांचे. कर भरून दरवर्षी ६८ लाख हातात येतील, असं १० वर्षं.

आप्पा मला म्हणाले, "भाऊ, यात ११ टक्के सुटतात. बँकेला साडेदहा देतो. मग अडचण काय?"

अडचण अशी की तो साडेदहाचा दर बँकेच्या जोखमीचा आहे, चटईच्या धंद्याचा नाही. प्लास्टिकच्या दाण्याचा भाव कच्च्या तेलामागे पळाला किंवा पावसाळ्यात माल पडून राहिला, तरी बँकेला हप्ता मिळतोच, कारण तिच्याकडे प्लॉट आणि मशिनरी तारण आहे. फटका बसतो तो आप्पांच्या पैशाला. म्हणून दोन्ही पैशांचे दर वेगळे काढायचे आणि वजन देऊन त्यांची सरासरी घ्यायची. यालाच वॅक म्हणतात, म्हणजे भांडवलाचा भारित सरासरी खर्च, आणि हाच आपला डिस्काउंट रेट, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायचा दर.

आधी वजन ठरवू, कारण सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मशीनला ७५ टक्के कर्ज मिळालं म्हणून वजन ७५ धरायचं नाही. ते कर्ज मिळालं ते आप्पांच्या जुन्या कारखान्याच्या जोरावर. म्हणून पूर्ण धंदा बघायचा. नवं टर्म लोन ३ कोटी. सीसी लिमिटमधले १ कोटी वर्षभर कधी खाली येतच नाहीत, म्हणजे तेही कर्जच. एकूण ४ कोटी. ताळेबंदात आप्पांचं भांडवल दीड कोटी दिसतं, पण त्यात प्लॉट जुन्या भावाने बसलाय. आज कुणी धंदा विकत घ्यायला आला तर कर्ज फेडून आप्पांच्या हातात साधारण ६ कोटी पडतील. मग वजन झालं कर्ज ४०, स्वतःचे ६०. ताळेबंदातले दीड कोटी धरले असते, तर कर्ज ७३ टक्के दिसलं असतं. आणि मेव्हण्याकडून घेतलेले, कधी परत मागितले न जाणारे पैसे "अनसिक्युअर्ड लोन" म्हणून लिहिलेले असतील, तर मी ते मालकाच्या बाजूला धरतो.

आता दर. कर्जाला नव्या लोनचा १०.५ घ्यायचा, जुन्या स्वस्त लोनचा नाही. कंपनीला कर २५.१७ टक्के आणि व्याजावर कर वाचतो, म्हणून खरा खर्च ७.८६.

आप्पांच्या पैशाला कुणी दर लिहून देत नाही, तो बांधावा लागतो. सरकारी रोख्याचे ७ टक्के धरू. शेअर बाजारात त्यावर जास्तीचा मोबदला ७ धरू. शेअर बाजारात नोंदलेल्या प्लास्टिक कंपन्यांचा बीटा घ्यायचा, म्हणजे बाजार हलला की त्यांचा शेअर किती हलतो तो आकडा, आणि त्यातून त्यांच्या कर्जाचा परिणाम काढून टाकायचा. समजा ०.८ उरला. मग आप्पांचं कर्ज त्यात परत घालायचं:

```
0.8 × (1 + (1 − 0.2517) × 40/60) = 1.2
```

म्हणजे ७ अधिक १.२ गुणिले ७, झाले १५.४. कारखाना लहान, त्यातला हिस्सा पटकन विकता येत नाही, म्हणून मी वर ३ टक्के टाकतो. एकूण १८.४. हे ३ टक्के माझा अंदाज आहे, हे लक्षात असू द्या.

```
0.40 × 7.86 + 0.60 × 18.4 = 14.2
```

आता एक्सेल उघडा. आकडे लाखांत.

```
=PV(14.2%,10,-68)
```

दहा वर्षांच्या पैशाची आजची किंमत येते साधारण ३५२. खर्च ४००, म्हणजे ४८ लाखांचा तोटा. हाच हिशेब आप्पांच्या पद्धतीने, ७५ टक्के कर्ज आणि स्वतःच्या पैशाला एफडीसारखे ८ टक्के धरून केला, तर दर येतो ७.९ आणि ५८ लाखांचा फायदा दिसतो. मशीन तेच, चटई तीच.

कुणी म्हणेल, तुमचे ते ३ टक्के काढा. काढले तरी वॅक १२.४ येतो आणि प्रकल्प देतो ११. निर्णय बदलत नाही. अंदाजाचा आकडा असा काढून बघायचाच, म्हणजे निर्णय त्याच्यावरच टांगलेला आहे का ते कळतं.

आणखी एक. त्या ६८ लाखांतून व्याज वजा केलेलं नाही ना, ते तपासा. व्याज दरात आधीच धरलंय, दोनदा कापलं तर चांगला प्रकल्पही मरतो. आणि दरात महागाई धरलेली आहे, म्हणून पुढच्या वर्षांचे चटईचे आणि दाण्याचे भावही महागाईसकट मांडा.

आप्पांना मी दोनच आकडे लिहून दिले. वर्षाला ७७ ते ७८ लाख सुटले पाहिजेत, नाहीतर मशिनरी ३५२ लाखांच्या आत बसली पाहिजे. सध्या ते लूमचं कोटेशन परत मागवतायत.