मामांचा फोन बंद आहे

[दृश्य: बेळगाव–जांबोटी–कणकुंबी रस्ता. मुसळधार पाऊस, धुकं, समोरून दिवे लावून येणारी बस.]

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडं निघालं, की खानापूर तालुक्याचं जंगल सुरू होतं. मलप्रभा इथंच उगम पावते. पावसाळ्यात या पट्ट्यात झाड तारेवर पडलं की वीज जाते, आणि ती दुसऱ्या दिवशी येईल याची खात्री कुणी देत नाही. वीज गेली की फोनची बॅटरी संपते. टॉवरचीही बॅटरी संपते.

[दृश्य: घराची पडवी. आढ्याला प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेले तीन कीपॅड फोन. एकाचा पडदा काळा.]

हे तीन फोन एका घरातले आहेत. पिशवीत, कारण कौलातून गळतं. टांगलेले, कारण त्या खांबाजवळच कधीमधी रेंज लागते. यातला एक बंद आहे. आता बेळगावात बसलेल्या भाच्यानं याच फोनवर मेसेज पाठवला, तर तो मेसेज जातो कुठं?

समजून घेण्यासाठी आपण एकच मेसेज धरून चालू.

[दृश्य: बेळगाव, दवाखान्याबाहेरचा कट्टा. मुलगा मोबाईलवर टाइप करतोय. पडद्याचा क्लोजअप.]

"मामा, आईचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी आहे. बुधवारी रात्रीपर्यंत बेळगावला या. येताना रेशन कार्ड घेऊन या."

सोमवारी संध्याकाळी त्यानं हा साधा एसएमएस पाठवला. व्हॉट्सॲप नाही, कारण मामांचा फोन कीपॅडचा आहे. पाठवल्या पाठवल्या पडद्यावर 'सेंट' असं आलं, आणि त्यानं फोन खिशात टाकला. इथं जरा थांबायला हवं. त्या 'सेंट'चा अर्थ एवढाच, की मेसेज भाच्याच्या स्वतःच्या मोबाईल कंपनीच्या एसएमएससी नावाच्या केंद्रानं स्वीकारला. मामांच्या फोनचा त्यात अजून काही संबंधच आलेला नाही.

हे केंद्र मेसेज साठवतं आणि मग पुढं धाडतं. मामांचा नंबर दुसऱ्या कंपनीचा असला, तरी मेसेज थांबून राहतो तो भाच्याच्या कंपनीकडं. तिथून पहिला प्रश्न जातो मामांच्या कंपनीच्या एचएलआरला. एचएलआर म्हणजे ग्राहकांची मुख्य नोंद. कुठला नंबर सध्या कुठल्या भागातल्या यंत्रणेकडं आहे, हे तिथं लिहिलेलं असतं. प्रश्न एकच: हा नंबर आत्ता कुठं आहे?

[दृश्य: टेकडीवरचा टॉवर, धुक्यात अर्धा दिसणारा. खाली डिझेल जनरेटरची खोली.]

आता बंद फोन दोन तऱ्हेचे असतात. बटण दाबून नीट बंद केलेला फोन जाताना टॉवरला सांगून जातो, की मी निघालो. त्याच्यासाठी नेटवर्क शोधाशोध करत नाही. पण बॅटरी मरून किंवा रेंजबाहेर जाऊन गेलेला फोन काहीच सांगत नाही. नेटवर्कला वाटतं, तो तिथंच आहे. मग त्या सगळ्या भागातल्या टॉवरांवरून त्याला हाका मारल्या जातात. उत्तर येत नाही. चालू असलेल्या फोनला ठरावीक वेळानं आपली हजेरी लावावी लागते. ती हजेरी चुकली, की मगच नेटवर्क त्याला गैरहजर धरतं. मामांचा फोन रविवारी रात्रीच मेला होता, म्हणून सोमवारी संध्याकाळी लगेच उत्तर मिळालं: गैरहजर.

मेसेज एवढ्यावर टाकून दिला जात नाही, आणि या यंत्रणेतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट इथं आहे. एसएमएससी एचएलआरला सांगतं, की या नंबरासाठी माझ्याकडं मेसेज थांबलाय. एचएलआर त्या केंद्राचा पत्ता मामांच्या नोंदीपुढं लिहून ठेवतो आणि फोन पोहोचेना अशी खूण करतो. दुकानदारानं वहीत 'माणूस आला की कळवा' असं टिपून ठेवावं, तसं. शिवाय केंद्र आपल्या परीनंही प्रयत्न करत राहतं, सुरुवातीला काही मिनिटांच्या अंतरानं, मग हळूहळू अंतर वाढवत.

[दृश्य: बुधवार सकाळ. पाऊस उघडलेला. जीपच्या बॅटरीला जोडलेला चार्जर. म्हातारा माणूस फोन हातात घेऊन चढण चढतोय.]

आमच्या चित्रीकरणाच्या दिवशी दूध न्यायला आलेल्या जीपच्या बॅटरीवर फोन चार्ज झाले. मग ज्याला त्याला एकाच जागी जायचं होतं. वस्तीच्या वर सड्यावर एक मोकळी जागा आहे, तिथं रेंज येते. "फोन लावूलालोय, पण लागेना," एक काका वर चढता चढता म्हणाले.

मामांनी याच जागी फोन चालू केला असं समजा. फोननं टॉवरला हजेरी दिली. ती नोंद एचएलआरपर्यंत गेली, खूण पुसली गेली आणि भाच्याच्या कंपनीच्या केंद्राला इशारा गेला: आला, पाठव. हे सगळं व्हायला फार वेळ लागत नाही. म्हणूनच दोन दिवस बंद असलेला फोन चालू करताच मेसेजांची रांग लागते.

मामा याच दिवशी चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले असते, तरीही हेच घडलं असतं. मोबाईलच्या हिशेबात बेळगाव जिल्हा कर्नाटक सर्कलमध्ये, गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये. पण फोन कुठल्याही सर्कलमध्ये चालू होवो, तिथली यंत्रणा मामांच्या घरच्या एचएलआरला कळवते. निपाणीहून कागलला गेलेल्या माणसाचंही तसंच. निरोपाला सीमा आडवी येत नाही.

आडवी येते ती दुसरीच गोष्ट.

[दृश्य: पडद्याचा क्लोजअप. भाच्याचा मेसेज, त्यातला 'बेळगावला' हा शब्द.]

एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. इंग्रजीत त्यात 160 अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त 70. आणि मोजणी आपण मोजतो तशी नसते. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, प्रत्येकाची वेगळी जागा धरली जाते. 'रात्रीपर्यंत' हा एक शब्द 12 जागा खातो. भाच्याचा मेसेज भरतो 98. म्हणजे तो एका एसएमएसात बसत नाही, त्याचे दोन तुकडे होतात. तुकडे जोडण्याच्या खुणेला जागा लागते, म्हणून प्रत्येक तुकड्यात 67 जागाच उरतात. पहिला तुकडा संपतो 'बेळगावला' या शब्दावर. 'या. येताना रेशन कार्ड घेऊन या.' हे दुसऱ्या तुकड्यात.

एसएमएससीच्या लेखी हे दोन वेगळे मेसेज आहेत. सड्यावर पहिला तुकडा उतरला आणि ढग खाली आले, रेंज गेली. दुसरा परत केंद्रात थांबला. बहुतेक फोन सगळे तुकडे आल्याशिवाय मेसेज दाखवत नाहीत. म्हणजे मामांच्या फोनमध्ये अर्धा निरोप येऊन बसलाय, आणि मामांना पडद्यावर काहीही दिसत नाही.

दुसऱ्या तुकड्याचं घड्याळ मात्र चालूच आहे.

[दृश्य: कीपॅड फोनचा मेनू. मेसेज सेटिंग. व्हॅलिडिटी: 1 तास, 6 तास, 24 तास, 72 तास, 1 आठवडा, कमाल.]

जुन्या कीपॅड फोनच्या मेनूत हे अजून सापडतं. प्रत्येक एसएमएसबरोबर त्याची मुदत जाऊ शकते, एका बाइटच्या आकड्यात. 0 म्हणजे पाच मिनिटं. 167 म्हणजे 24 तास, 168 म्हणजे दोन दिवस, 255 म्हणजे 63 आठवडे. पण 63 आठवडे ही कागदावरची कमाल. कंपनीचं केंद्र आपली स्वतःची मर्यादा लावतं आणि ती त्याहून पुष्कळ कमी, सहसा काही दिवसांचीच असते. भाच्याच्या मेसेजची मुदत दोन दिवसांची होती असं धरू. सोमवार संध्याकाळ ते बुधवार संध्याकाळ. बुधवारी रात्री मामा पुन्हा सड्यावर गेले असते, तरी दुसरा तुकडा केंद्रात उरलेला नव्हता.

केंद्र असं का करतं? जागा वाचते हे कारण आहे, पण ते लहान. मोठा भार असतो प्रयत्नांचा. प्रत्येक प्रयत्नात एचएलआरला विचारणा, गरज पडली तर कितीतरी टॉवरांवरून हाका. जो फोन कधीच उघडणार नाही, त्याच्यासाठी हे वर्षभर चालवता येत नाही. शिवाय शिळा मेसेज घातक असतो. 'आज पूल बंद आहे' हा निरोप पुढच्या सोमवारी आला तर? आणि तिसरं कारण नंबराचं. आपल्या देशात बंद केलेला नंबर निदान 90 दिवस बाजूला ठेवतात, मग तो दुसऱ्याला मिळू शकतो. आईच्या ऑपरेशनचा निरोप, बँकेचा ओटीपी अनोळखी माणसाच्या हाती पडणं, हे मेसेज मरण्यापेक्षा वाईट.

व्हॉट्सॲपमध्ये हीच मुदत 30 दिवसांची आहे. न पोचलेला मेसेज कुलूपबंद स्वरूपात त्यांच्या सर्व्हरवर राहतो, पोचला की तिथून पुसला जातो, आणि 30 दिवसांत पोचला नाही तरीही पुसला जातो. पाठवणाऱ्याच्या पडद्यावरची एक टिक मात्र तशीच दिसत राहते. महिन्यापूर्वीची एक टिक दिसली, तर समोरच्याचा फोन आज चालू झाला तरी तो मेसेज जाणार नाही. पुन्हा पाठवावा लागतो.

[दृश्य: पंचायत कार्यालयाची भिंत, ओली सूचना. बाहेर रांगेत उभी माणसं.]

या भागात कामाची तारीख, हप्ता, शिबिर, सगळं आता मेसेजवरच कळवलं जातं, आणि कार्यालयाच्या वहीत 'कळवले' असं लिहिलं जातं. न पोचलेल्यांच्या तारखा निघून जातात. 'मेसेज पाठवला होता' हे उत्तर या रांगेतल्या माणसांना पुरेसं धरलं जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मेसेज पोचला की नाही, हे कार्यालयाला कळू शकतं.

[दृश्य: मोबाईलचा क्लोजअप. मेसेज ॲप, सेटिंग, बोट एका बटणावर.]

ते तुम्हालाही कळू शकतं. मेसेजच्या सेटिंगमध्ये डिलिव्हरी रिपोर्ट नावाचं बटण असतं. बहुतेक फोनमध्ये ते बंद असतं, ते चालू करा. मग समोरच्या फोननं मेसेज घेतला की केंद्र तुम्हाला 'डिलिव्हर्ड' असं कळवतं, मुदत संपली तर तेही कळवू शकतं. घाटातल्या माणसाला निरोप द्यायचा असेल, तर तो 70 जागांत बसवा, म्हणजे त्याचे तुकडे होणार नाहीत. 'आईचं ऑपरेशन गुरुवारी. बुधवारीच या. रेशन कार्ड आणा.' हा 50 जागांचा आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत 'डिलिव्हर्ड' आलं नाही, तर जांबोटीहून वर जाणाऱ्या जीपवाल्याकडं चिठ्ठी द्या.